पहिल्या दिवसाचा निकाल

मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाहीरबुवांचा फोन आला. त्यांच्या खडी गंमतीचा व्हिडिओ आम्ही आदल्या संध्याकाळी चॅनेलवर टाकला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "काय म्हणते मंग आपला व्हिडिओ? पाह्यलं का लोकायनं?"

माझ्या मामेभावाने मोबाइलवर आकडा पाहिला. चोवीस तासांत ३१० व्ह्यूज. आमच्या चॅनेलवर त्या काळात गंमतीच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी साधारण १,२०० व्ह्यूज मिळायचे. म्हणजे हा नेहमीच्या पावपट. भावाने सरळ सांगून टाकलं, "नाही आवडला बुवा लोकायले."

पलीकडून "बरं" असं आलं आणि फोन ठेवला गेला. त्या व्हिडिओची जाहिरात करायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. जाहिरातीसाठी आमच्याकडे दोन हजार रुपये होते. ते आम्ही दुसऱ्या व्हिडिओला लावले.

आकडा खरा होता. त्यावरून बोललेलं वाक्य मात्र खोटं होतं. ते नेमकं कुठे खोटं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

चोवीसच तास का

आमचं चॅनेल मौद्यातून चालतं. साडेआठ हजारांच्या आसपास सबस्क्रायबर आहेत. दोन प्रकारचे व्हिडिओ असतात. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, तेव्हा रात्रभर चालणाऱ्या खडी गंमती आणि दंडारी आम्ही चित्रित करतो. बाकी वर्षभर धानाचे व्हिडिओ असतात: पऱ्हे कसे टाकायचे, रोवणी, पाणी, कीड. कॅमेरा भावाचा, हिशेब माझा.

व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या दिवसात तो कसा चालला, ते आपल्याच चॅनेलच्या नेहमीच्या चालीशी ताडून पाहायचं आणि त्यावरून जाहिरात करायची की नाही ते ठरवायचं, ही पद्धत पुष्कळ चॅनेलवाले वापरतात. तिच्यात एक चांगली गोष्ट आहे. तुम्ही स्वतःची तुलना पुण्या-मुंबईच्या लाखोंच्या चॅनेलशी करत नाही, कालच्या स्वतःशी करता. साडेआठ हजारांच्या चॅनेलला हजार व्ह्यूज खूप की कमी, याचं उत्तर दुसऱ्याच्या चॅनेलवर सापडत नाही.

चोवीस तासांनाही कारण आहे. आमचे धानाचे व्हिडिओ लोक पहाटे पाच ते आठच्या दरम्यान पाहतात, बांधीवर जाण्याआधी. गंमतीचे व्हिडिओ रात्री जेवण झाल्यावर. सहा तासांनी मोजलं, तर संध्याकाळी टाकलेल्या व्हिडिओत पहाट आलेलीच नसते आणि पहाटे टाकलेल्यात रात्र आलेली नसते. पूर्ण चोवीस तास झाले की प्रत्येक व्हिडिओच्या वाट्याला एक पहाट, एक दुपार आणि एक रात्र आलेली असते, मग तो कधीही टाकलेला असो. त्याआधीचा आकडा पाहायचाच असेल, तर तो त्याच वेळी टाकलेल्या जुन्या व्हिडिओच्या तेवढ्याच तासांच्या आकड्याशीच पाहावा.

पण चोवीस तासांत आठवड्याचे वार येत नाहीत, सणही येत नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लोक फटाक्यांत आणि पाहुण्यांत असतात. शाहीरबुवांचा दिवस आम्ही इतर व्हिडिओंच्या साध्या दिवसांशी ताडला होता. व्हिडिओ टाकायचा दिवस आम्ही निवडला होता, आणि त्याचा दोष त्यांच्या गाण्याला लावला.

दहापैकी सहावा, दहापैकी दुसरा

यंदा ऑक्टोबरमध्ये आमच्यासमोर पुन्हा तोच प्रश्न आला. पैसे तेवढेच, दोन हजार. व्हिडिओ दोन, एकाच आठवड्यातले.

पहिला धानावरच्या तुडतुड्यांचा. ही बारीक कीड धानाच्या चुडाच्या अगदी बुडाशी बसून रस शोषते. वरून पाहिलं तर बांधी हिरवीगार दिसते. मग एका ठिकाणी गोल चट्टा पिवळा पडतो, वाळतो आणि पसरत जातो. तोवर उशीर झालेला असतो. व्हिडिओत भावाने एवढंच दाखवलं होतं की धुऱ्यावरून पाहू नका, बांधीत उतरा, चूड बाजूला करून बुडाशी पाहा, आणि तुडतुडे दिसले तर आधी काही दिवस बांधीतलं पाणी काढून टाका.

दुसरा व्हिडिओ एका तरुण मंडळाच्या खडी गंमतीचा. नाच्याचं काम करणारा पोरगा झकास होता, बतावणीही रंगली होती.

यूट्यूब स्टुडिओच्या ॲपमध्ये नव्या व्हिडिओखाली एक ओळ येते. हा व्हिडिओ तुमच्या शेवटच्या दहा व्हिडिओंमध्ये कितवा, हे ती सांगते. प्रत्येक व्हिडिओचं वय सारखं धरून ही तुलना होते, म्हणजे सगळ्यांचे पहिले चोवीस तास एकमेकांशी. तुडतुड्यांच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी ३९० व्ह्यूज मिळाले. ॲपने सांगितलं, दहापैकी सहावा. गंमतीच्या व्हिडिओला १,५२० मिळाले. ॲपने सांगितलं, दहापैकी दुसरा.

भाऊ म्हणाला, "दादा, यात इचार काय करा लागते? गंमतीवर लाव पैसे."

मी हिशेबाची वही काढली. प्रत्येक व्हिडिओ टाकताना मी मोबाइलवर गजर लावतो आणि तीन तासांचा, बारा तासांचा, चोवीस तासांचा आकडा लिहून ठेवतो. तुडतुड्यांच्या आधीचे नऊ व्हिडिओ पाहिले. त्यात पाच गंमतीचे होते: १,१००, १,२५०, १,४००, १,४८० आणि १,९००. चार धानाचे होते: १९०, २१०, २४० आणि ३००.

हे आकडे एकाच रांगेत उभे केले, तर धानाचा कोणताही व्हिडिओ सहाव्याच्या वर जाऊच शकत नाही. वरच्या पाच जागा गंमतीच्याच. त्यामुळे "दहापैकी सहावा" हा धानाच्या व्हिडिओसाठी पहिला नंबर होता. ॲपचं गणित चुकलेलं नव्हतं. एका चॅनेलची एकच चाल असते असं तो धरून चालतो, आणि आमच्या चॅनेलच्या दोन चाली आहेत.

मग मी दोन रांगा वेगळ्या केल्या आणि प्रत्येक रांगेतला मधला आकडा घेतला. सरासरी घेतली नाही. एखादा १,९०० वाला व्हिडिओ सरासरी वर ओढतो आणि मग बाकीचे सगळे उगाचच पडल्यासारखे दिसतात. मधला आकडा तसा ओढला जात नाही. गंमतीचा मधला आकडा १,४००. नवा व्हिडिओ १,५२०, म्हणजे जेमतेम नऊ टक्के जास्त. जुन्या पाच गंमतींचा पल्लाच १,१०० ते १,९०० असा मोठा आहे, त्यामुळे नऊ टक्के म्हणजे नेहमीचंच. धानाच्या चारांत मधले दोन २१० आणि २४०, त्यांच्या मधोमध २२५. नवा ३९०, म्हणजे जवळपास पावणेदोन पट, आणि आधीच्या चारही व्हिडिओंच्या पुढे.

ज्याला ॲप दुसरा म्हणत होतं, तो आपल्या नेहमीच्या चालीने चालला होता. ज्याला सहावा म्हणत होतं, त्याच्या बाबतीत काहीतरी वेगळं घडत होतं.

जास्त आले की लवकर आले

आकडा वेगळा दिसला की लगेच आनंद मानू नये. तो वेगळा का झाला, हे पाहावं लागतं, आणि ते दोन ठिकाणी दिसतं. एक, व्ह्यूज तासागणिक कसे आले. दोन, ते कुठून आले.

गंमतीचा व्हिडिओ संध्याकाळी सातला टाकला होता. रात्री दहापर्यंत ९०० व्ह्यूज झाले होते. त्या वेळी आमच्या गंमतीच्या व्हिडिओंना साधारण ७०० असतात. म्हणजे तीन तासांनी तो जवळपास तीस टक्के पुढे होता, आणि भाऊ त्याच वेळी जाहिरात लावायला निघाला होता. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती आघाडी नऊ टक्क्यांवर आली. कारण व्ह्यूज कुठून आले त्या यादीत दिसलं. मंडळातल्या पोरांनी व्हिडिओची लिंक आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. ग्रुपमधली जी माणसं एरवी दुसऱ्या दिवशी पाहतील, त्यांनी त्याच रात्री पाहिलं. लोक जास्त आले नव्हते, लवकर आले होते. पहिल्या तासांच्या चालीत या दोन गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. त्या वेगळ्या व्हायला पूर्ण दिवस जावा लागतो.

तुडतुड्यांच्या व्हिडिओचं उलट होतं. तोही सातलाच टाकलेला. रात्री दहाला ७० व्ह्यूज, नेहमीचे साठेक. त्या क्षणी कुणीही त्याला साधा व्हिडिओ म्हटलं असतं. फरक पडला पहाटे, आणि नेहमीप्रमाणे आठनंतर तो खाली बसला नाही. दुपारी, धानाच्या व्हिडिओंच्या मेलेल्या वेळातही व्ह्यूज येत राहिले. त्यातले निम्म्याहून जास्त यूट्यूबवर काहीतरी शोधणाऱ्यांचे होते. आणि लोक थांबत होते. आठ मिनिटांचा व्हिडिओ. एरवी माणूस सरासरी दोन मिनिटं चाळीस सेकंद थांबतो, इथे चार मिनिटं दहा सेकंद थांबत होता. अनोळखी माणूस स्वतः शोधत येतो, निम्मा व्हिडिओ पाहतो आणि दुपारी पाहतो, म्हणजे त्याच्या बांधीत तुडतुडे आहेत.

व्हॉट्सॲपच्या लाटेची खूण याच्या उलट असते. आकडा एका तासात उसळतो, बाहेरून आलेल्यांचा वाटा अचानक फुगतो, थांबण्याचा वेळ घसरतो आणि दोन तासांत सगळं शांत होतं. अशा लाटेवर पैसे लावले, तर ओसरलेल्या पुरात पंप बसवल्यासारखं होतं.

पैशाने काय बदलणार

एवढं कळल्यावरही निर्णय होत नाही. कोणता व्हिडिओ आपल्या चालीपुढे आहे, हे आलेख सांगतो. पैसे कुणाला द्यावेत, हा प्रश्न वेगळा आहे. जो चांगला चालतोय त्यालाच द्यावेत, हे बक्षीस झालं. पण जाहिरात हे बक्षीस नाही. तिचं काम फरक पाडण्याचं आहे. मग विचारायचं ते हे की पैसे दिल्याने जे होईल आणि न दिल्यास जे होईल, त्यात अंतर किती.

गंमतीच्या मंडळाचे प्रेक्षक आमच्या ओळखीचे आहेत. ते चॅनेलवर येतातच, आज नाही तर पुढच्या आठवड्यात, आणि पुढच्या आठवड्यात आले म्हणून गंमत शिळी होत नाही. तुडतुड्यांचा व्हिडिओ पंधरा दिवसांनी पाहणाऱ्याला पिवळा चट्टा आधीच दिसलेला असेल. तिथे प्रत्येक दिवसाला किंमत होती. शिवाय जाहिरात तपासून मंजूर व्हायलाही वेळ जातो, तोही त्यातूनच वजा होणार.

आम्ही दोन हजार तुडतुड्यांवर लावले. गूगलच्या जाहिरात खात्यात मौद्याभोवती साठ किलोमीटरचं वर्तुळ आखलं. त्यात भंडारा येतं, रामटेक येतं, नागपूर शहरही येतं, आणि शहरात धान नाही म्हणून ते वगळलं. या पैशाने किती बांध्या वाचल्या, ते मला सांगता येणार नाही. वैनगंगेपलीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याने बुडाशी पाहिलं, तुडतुडे होते, पाणी काढलं. तो जाहिरातीतून आला की स्वतः शोधत, हे त्यालाही आठवत नव्हतं.

यात एक हिशेब पाळावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं. जाहिरातीतून आलेले व्ह्यूज एकूण आकड्यात मिसळलेले असतात, पण व्ह्यूज कुठून आले त्या यादीत ते वेगळे दिसतात. चॅनेलची नेहमीची चाल काढताना ते वजा करायचे. आणि चोवीस तासांच्या आत जाहिरात लावायचीच नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही तीन-चार व्हिडिओंवर चौथ्या तासालाच पैसे लावले होते. विकत घेतलेले व्ह्यूज आमच्या नेहमीच्या चालीत जाऊन बसले, मधला आकडा वर चढला, आणि पुढे कित्येक महिने बिनजाहिरातीचा प्रत्येक व्हिडिओ आम्हाला पडलेला वाटत राहिला. आपणच फुगवलेल्या फूटपट्टीने आपण पोराची उंची मोजत होतो आणि पोरगं खुजं निघालं म्हणून कुढत होतो.

स्वतःच खरं ठरणारं भाकीत

इथवर पद्धत ठीक चालली. आता तिच्यातली खोट.

कॅलिफोर्नियातल्या एचपी लॅब्समधल्या गॅबोर सॅबो आणि बर्नार्डो ह्यूबरमन या दोन संशोधकांनी सुरुवातीच्या प्रतिसादावरून पुढची लोकप्रियता ओळखता येते का, हे तपासलं. त्यांचा लेख २०१० साली छापून आला. त्यांनी दोन ठिकाणं घेतली: डिग ही बातम्यांच्या लिंकवर मतं देण्याची साइट, आणि यूट्यूब. महिन्यानंतरचं भाकीत करायला डिगवर पहिले दोन तास पुरे पडले. तितक्याच नेमकेपणाने यूट्यूबवर भाकीत करायला दहा दिवस थांबावं लागलं. बातमी त्याच दिवशी जगते आणि मरते. व्हिडिओ कुणीतरी महिन्यांनंतर शोधत येतो. म्हणजे आमचे चोवीस तास भाकितासाठी तोकडेच आहेत. सारखाच आकडा कमी झालेल्या दोन व्हिडिओंतला एक खरंच पडलेला असतो आणि दुसऱ्याचा माणूस अजून शोधायला बसलेला नसतो. पहिल्या दिवशी ते वेगळे दिसत नाहीत.

तरीही आमची भाकितं खरी ठरायची. ज्यावर पैसे लावले ते व्हिडिओ वर्षाअखेरीला वरच दिसायचे, आणि भाऊ म्हणायचा, "पाह्य, आपल्याले पह्यल्याच दिवशी समजलं होतं." पण ते वर गेले होते कारण आम्ही त्यांना वर नेलं होतं.

मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ सालचा प्रयोग याच गोष्टीचा आहे. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका साइटवर ठेवली आणि १४,३४१ जणांना ऐकायला दिली. काही जणांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या जगांत वाटून टाकलं होतं आणि आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं, ते त्यांना दिसत होतं. गाणी तीच, सुरुवात सगळ्यांची शून्यापासून. तरी प्रत्येक जगात वेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा शिखरावर पोचली नाहीत. मधल्या गाण्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला कुणाच्या पदरात चार डाउनलोड जास्त पडले, त्यावर बरंच ठरत होतं.

आम्ही जाहिरात लावतो, तेव्हा या आठ जगांतलं एक जग निवडतो आणि उरलेली सात कधीच पाहत नाही. जाहिरात मिळालेला व्हिडिओ आमच्या शहाणपणाचा साक्षीदार होतो. न मिळालेल्याच्या बाजूने कुणी साक्ष देत नाही. तो खाली राहतो, आणि खाली राहिला हाच पुरावा ठरतो.

तपासनीस आपणच, निकाल देणारे आपणच आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारेही आपणच असलो, तर आपला निकाल चुकला हे कधीच कळणार नाही. ही मला यातली नैतिक अडचण वाटते. चुका सगळ्यांच्याच होतात. पण ज्या पद्धतीत चूक उघडी पडायला जागाच नसते, ती पद्धत वापरणाऱ्याला हळूहळू उद्धट करते.

तिसरी चिठ्ठी

यावर आम्ही एक साधा उपाय केला. वर्षात आम्हाला साधारण सहा जाहिराती परवडतात. त्यातल्या चार आलेखाप्रमाणे लावायच्या, आणि दर तिसरी चिठ्ठी टाकून. त्या चिठ्ठ्यांवर फक्त आलेखाने नाकारलेल्या व्हिडिओंची नावं असतात. शिवाय आलेखाने निवडलेल्या एका व्हिडिओला मुद्दाम पैसे द्यायचे नाहीत आणि तो आपला आपण कुठवर जातो, ते वहीत लिहायचं. तीस दिवसांनी आणि वर्षाने, जाहिरातीचे व्ह्यूज वजा करून.

दोन-तीन नोंदींवरून कुठलाही नियम सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. त्याचा उपयोग एवढाच की आता नाकारलेल्यांच्या बाजूनेही वहीत काहीतरी लिहिलेलं असतं. भावाला हे सुरुवातीला पटलं नाही. "पडलेल्यावर पैसे? आपल्यापाशी आहेत किती?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दोन हजारांत लायटिंगचा एक दिवा येतो. पण दुसऱ्याच्या कामाचा निकाल लावायचा असेल, तर त्या निकालाची तपासणी हा फुकटचा खर्च नाही. ती निकाल लावण्याची किंमत आहे.

बुवांना काय सांगायचं

यंदा मी वर्षभरापूर्वीचे आकडे काढले, तेव्हा शाहीरबुवांचा व्हिडिओ समोर आला. एक पैसाही न लावता तो अकरा हजारांवर गेला होता. त्याच मोसमातले ज्यांना आम्ही चांगले म्हणालो होतो, ते गंमतीचे व्हिडिओही तिथेच आसपास होते. फक्त ते पहिल्या आठवड्यात तिथे पोचले होते, आणि हा महिन्यांमागून महिने, शोधणाऱ्यांच्या पावलांनी. खालच्या प्रतिक्रियांत नोकरीसाठी लांब गेलेली माणसं होती. बुवा म्हणतात ती गौळण आमच्या गावच्या मंडईत ऐकली होती, असं कुणीतरी लिहिलं होतं.

याचा अर्थ नाकारलेला प्रत्येक व्हिडिओ उशिरा उजळतो, असा नाही. माझ्या वहीत पहिल्या दिवशी पडलेले आणि कायमचे पडलेलेच राहिलेले व्हिडिओ जास्त आहेत. दोन हजार रुपये कुठे लावायचे, एवढ्यापुरता आलेखावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. पैसे थोडे असतात, निवडावंच लागतं, आणि डोळे मिटून निवडण्यापेक्षा आपल्याच नेहमीच्या चालीशी ताडून निवडणं बरं.

पण पहिल्या दिवसाचा आकडा नेमकं काय सांगतो? आमच्या चॅनेलवर नेहमी येणाऱ्या गर्दीने, त्या दिवशी, त्या तासांत, हा व्हिडिओ उघडला की नाही. तो आमच्या गर्दीबद्दल बोलतो, आमच्या वेळेबद्दल बोलतो, बुवांच्या गळ्याबद्दल बोलत नाही. "नेहमीच्या लोकांनी पहिल्या दिवशी कमी उघडला, आणि आम्ही तो लक्ष्मीपूजनाला टाकला" हे खरं वाक्य होतं. "लोकायले आवडला नाही" हे वाक्य आम्ही आमच्या पदरचं जोडलं होतं. आकड्यावरून खर्च ठरवणं आणि आकड्यावरून माणसाला सांगणं, यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. तो ओलांडताना पुरावा पुन्हा मोजावा लागतो, कारण खर्च चुकला तर दोन हजार जातात, आणि हे वाक्य चुकलं तर पंचेचाळीस वर्षं डफ वाजवणारा माणूस "बरं" म्हणून फोन ठेवतो.

मागच्या मंडईत बुवांच्या मंडळाला सुपाऱ्या कमी आल्या. आमच्या व्हिडिओमुळे तसं झालं असेल, असं मी म्हणत नाही. तेही एका आकड्यावरून काढलेलं अनुमानच होईल. पण त्यांनी त्यानंतर आम्हाला रेकॉर्डिंगला बोलावलं नाही, हे खरं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भावाने मोबाइल काढून अकरा हजारांचा आकडा दाखवला आणि खालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. गौळणीवाली त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "तवा तं तू म्हनला होता, आवडला नाही."

भाऊ म्हणाला, "चुकलो बुवा. मले तवा मालूम नव्हतं, अन् मी मालूम असल्यासारखं बोललो."

बुवांनी चहा मागवला. यंदाच्या मंडईची तारीख सांगितली, आणि कॅमेरा रात्री दहाच्या आत लावा, म्हणाले, गण सुरू झाल्यावर मध्ये मध्ये फिरायचं नाही. व्हिडिओ टाकायचा दिवस या वेळी आम्ही त्यांनाच विचारून ठरवणार आहोत. जाहिरात त्याला मिळेल की नाही, ते अजून ठरलेलं नाही. चोवीस तास झाले की मी वहीत आकडा लिहीन. त्यांचा फोन आला, तर तो आकडाच सांगीन, आणि तो कोणाचा आकडा आहे हेही.